एक पान आणि दोन वावरे

नोव्हेंबरातला रविवार होता. जोहरची नमाज आटोपून आम्ही बसलो होतो, तेव्हा बदनापूर तालुक्यातले आमच्या ओळखीचे एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन जालन्यात आमच्या घरी आले. मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला. हातात प्लॅस्टिकची फाइल, फाइलीत एकच कागद. चहा येण्याआधीच तिने तो आमच्यापुढे ठेवला.

हाच कागद तिने आदल्या वर्षी एका संस्थेच्या उन्हाळी संशोधन कार्यक्रमासाठी पाठवला होता. निवड झाली नव्हती. कारण कोणी कळवत नाही. यादी लागते आणि तिच्यात आपले नाव नसते, एवढेच. आता पुन्हा अर्जाचे दिवस आले होते आणि तिच्या हाती तीन आठवडे होते. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात एमएस्सी संपलेली असेल, म्हणजे विद्यार्थिनी म्हणून अर्ज करायची ही शेवटची खेप. तिचे अब्बा म्हणाले, "पोरीला दोन महिने लांब पाठवायचं म्हणून घरात लई बोलणं झालं. ते मी मिटवलं. पण निवड तर व्हायला पाहिजे. कागदात काय चुकतंय ते तेवढं सांगा."

ज्यांच्या घरात विज्ञान शाखेची मुले आहेत त्यांच्यासाठी आधी थोडे सांगितले पाहिजे. बेंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस या तिन्ही अकादम्या मिळून समर रिसर्च फेलोशिप चालवतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, पुण्याच्या आयुकाचा आणि बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरचा असे वेगवेगळे कार्यक्रमही आहेत. सगळ्यांत गोष्ट साधारण एकच. निवडलेल्या विद्यार्थ्याने उन्हाळ्यात दीडदोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत खरे काम करायचे. जागा थोड्या, अर्ज देशभरातून. गुणपत्रिका तर सगळ्याच चांगल्या असतात, त्यामुळे वाचणाऱ्याजवळ विद्यार्थ्याला ओळखण्याची दोनच साधने उरतात. एक, प्राध्यापकांचे शिफारसपत्र. दुसरे, विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेले निवेदन, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज. कुठे ते पानभर मागतात, कुठे दीडदोनशे शब्दांत. मला काय शिकायचे आहे, का, आणि तुमच्याकडेच का, हे त्यात सांगायचे असते.

तिचे पान आम्ही वाचले. इंग्रजी बिनचूक होते. पहिल्या परिच्छेदात लहानपणापासून विज्ञानाची ओढ, निसर्गाबद्दलचे कुतूहल. दुसऱ्यात तुरीच्या मर रोगाची माहिती: हा रोग फ्युजेरियम उडम नावाच्या बुरशीमुळे होतो, बटलर या शास्त्रज्ञाने तिचे वर्णन १९१० साली केले, तुरीचे त्यामुळे मोठे नुकसान होते. तिसऱ्यात संस्थेची स्तुती. चौथ्यात, संधी मिळाल्यास मी खूप मेहनत करीन आणि देशाच्या शेतीला हातभार लावीन.

आम्ही तिला म्हटले, "वर तुझं नाव आहे त्यावर बोट ठेव. आता तिथं लातूरच्या एखाद्या मुलीचं नाव घातलं तर या पानातलं कोणतं वाक्य खोटं ठरेल?"

तिने पान वरून खाली वाचले. पुन्हा वाचले. मग हळूच म्हणाली, "एकही नाही."

दोष शोधायची आमच्याजवळ याहून सोपी कसोटी नाही आणि ती घरातले कोणीही लावू शकते, विज्ञान येत असो वा नसो. जे वाक्य दुसऱ्या कोणाच्याही नावावर खपते ते वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. बटलरचा परिच्छेद तर आणखी वाया गेलेला. बुरशीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाला बटलर कोण हे ही मुलगी सांगणार का? तो सगळा मजकूर पुस्तकातला, म्हणजे त्यातून फक्त एवढेच कळते की तिने पुस्तक उघडले होते.

"मर रोगच का निवडलास?" आम्ही विचारले.

तिने अब्बांकडे पाहिले आणि आता कुठे खरी गोष्ट बाहेर आली. त्यांची दोन वावरे आहेत. घराजवळच्या वावरात तीन वर्षे सलग तूर होती. ओढ्यापलीकडच्या वावरात ज्वारी आणि तूर एकाआड एक ओळींत. बियाणे दोन्हीकडे एकच, घरचेच. फुलोऱ्याच्या वेळी घराजवळची तूर उभ्या उभ्या वाळायची, पलीकडची तेवढी वाळत नसे. अब्बा नेहमी म्हणत, ज्वारीत तूर मरत नाही. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी प्रकल्प करायची वेळ आली तेव्हा हिने ठरवले की अब्बा म्हणतात ते मोजून पाहायचे.

"मोजलंस?"

"हो. दोन्ही वावरांत दहा दहा ओळी घेतल्या, प्रत्येक ओळीत सलग वीस झाडं. बांधाकडच्या ओळी सोडल्या."

म्हणजे प्रत्येक वावरात दोनशे झाडे. घराजवळ ५४ वाळलेली, ओढ्यापलीकडे १९. आणि वाळलेले प्रत्येक झाड तिने उपटून, खोड उभे चिरून पाहिले होते. कारण तूर पाण्याच्या ताणानेही वाळते आणि वाळवीनेही. मर रोग असेल तर खोडाच्या सालीवर बुडापासून वर चढत गेलेला जांभळट पट्टा दिसतो आणि खोड चिरल्यावर आतल्या लाकडात तपकिरी-काळ्या रेषा सापडतात. ज्या झाडांत अशा रेषा होत्या तीच तिने मोजली, बाकीची सोडली.

हे सगळे तिच्या पानात कुठे होते? कुठेच नव्हते. आम्ही विचारले तेव्हा म्हणाली, "ते तर वावरातलं आहे. प्रयोगशाळेत मोठं काही केलं असतं तर लिहिलं असतं." आमच्या मुलांचे हे नेहमीचे. घरात, शेतात, दुकानात जे पाहिले ते विज्ञान नाही आणि पुस्तकातले उतरवले तर ते विज्ञान, असा समज कुठून येतो कोण जाणे. निवड करणाऱ्याला मात्र उलट हवे असते. दोन महिन्यांत हातात काय घेऊन काम करील, चुकली तर चूक ओळखील का, हे त्याला ताडायचे असते. मोजण्यापूर्वी खोड चिरून पाहणारी मुलगी कशी काम करील हे त्या एका वाक्यात दिसते.

मग प्रयोगशाळेकडे वळलो. कॉलेजात तिने रोगट खोडातून बुरशी वेगळी काढायचा प्रयत्न केला होता. पद्धत साधी आहे. खोडाचे अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे करायचे, बाहेरचे जंतू मरावेत म्हणून ते एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात मिनिटभर बुडवायचे, निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवायचे आणि बटाट्याच्या अर्कापासून केलेल्या अगरच्या बशीत ठेवायचे. पाचसात दिवसांत आतली बुरशी तुकड्यातून बाहेर वाढते.

"पहिल्या दोन वेळा बिघडलं," ती म्हणाली आणि गप्प झाली. कारण तिच्या मते हे सांगण्यासारखे नव्हते.

"काय बिघडलं?"

पहिल्या दोन्ही वेळा बशीत काळी अ‍ॅस्परजिलस आणि जिवाणूंचे चिकट ठिपके आले. तिने सुरुवातीला द्रावणाचा दोष धरला. मग लक्षात आले की गावाहून कॉलेजात येईपर्यंत खोडे पॉलिथिनच्या पिशवीत दीडदोन दिवस दमट राहात होती. तिसऱ्या खेपेला कागदी पिशवीतून आणली आणि त्याच दिवशी तुकडे केले. बारा तुकड्यांपैकी सातांतून पांढरी कापसासारखी बुरशी आली आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचे विळ्याच्या आकाराचे बीजाणू दिसले. फ्युजेरियमचे बीजाणू तसेच असतात.

"मग ती उडमच होती का?"

इथे ती अडखळली. आमच्या मते पानाचा जीव याच जागी होता. फ्युजेरियमच्या जाती पुष्कळ. काही जाती रोग न करता मातीत आणि मुळांत राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या एकमेकींसारख्या दिसतात, एमएस्सीच्या मुलीला त्यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. ठामपणे सांगायचे तर दोन वाटा. एक, काढलेली बुरशी निरोगी रोपांना लावून तीच लक्षणे येतात का ते पाहायचे आणि त्या रोपांतून तीच बुरशी पुन्हा काढायची. दुसरी, तिच्या डीएनएचा ठरावीक तुकडा वाचून आधी वाचलेल्या नोंदींशी ताडायचा. पहिलीला निर्जंतुक मातीच्या कुंड्या आणि बरेच आठवडे लागतात, दुसरीला पीसीआरचे यंत्र. तिच्या कॉलेजात तेव्हा दोन्ही जमले नाही. प्रकल्पाच्या अहवालात मात्र तिने सरळ 'फ्युजेरियम उडम सापडली' असे लिहून टाकले होते.

"ते वाक्य खरं आहे का?"

"नाही. फ्युजेरियम सापडली एवढंच खरं आहे."

"मग पानात तेच लिही. इथपर्यंत गेले, इथे अडले, आणि अडले ते यामुळे."

मुलांना वाटते अडलेले सांगितले तर आपण कच्चे ठरू. पण तुमच्याकडेच का, या प्रश्नाचे दुसरे खरे उत्तर असूच शकत नाही. ज्याचे कुठेच काही अडलेले नाही त्याने प्रयोगशाळेत कशाला जायचे? संस्थेची स्तुती करणारा परिच्छेद काढला की तिथे हे अडलेले येऊन बसते आणि पान आपोआप पुढे सरकते: मला जे येत नाही ते तुमच्याकडे रोज चालते.

त्यासाठी 'तुमच्याकडे' म्हणजे नेमके कोणाकडे हे ठाऊक असावे लागते. कार्यक्रमाच्या यादीतल्या मार्गदर्शकांची नावे पाहून, त्यांच्या गेल्या दोनतीन वर्षांतल्या शोधनिबंधांचे निदान सारांश वाचायचे. तिने आधी केवळ मोठे नाव पाहून एका शास्त्रज्ञांचा उल्लेख केला होता; त्यांचे काम प्रकाशसंश्लेषणावरचे. असा कागद वाचणारा काय समजेल? या खेपेला शोधताना तिला तुरीवर काम करणारे कोणी सापडले नाही, पण हरभऱ्याच्या मर रोगाची फ्युजेरियम डीएनएवरून ओळखण्याचे काम करणारी एक प्रयोगशाळा सापडली. तिने विचारले, हरभरा म्हणजे दुसरेच पीक, चालेल का? आम्ही म्हटले, तसेच लिही. पीक दुसरे, बुरशीची जात दुसरी, पण ओळखायची पद्धत तीच, आणि मला पद्धत शिकायची आहे.

आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्यात काय करायचे ते बहुतेक वेळा मार्गदर्शक ठरवतात. आपली बुरशी डबीत घालून कोणी तिथे नेऊ शकत नाही, त्यासाठी त्यांची परवानगी लागते. म्हणून 'मी तुरीचा मर रोग सोडवीन' असा निर्धार पानात नको. तुरीसाठी तेवढा काळ कोणालाच पुरत नाही. रोगाला तोंड देणारे वाण तयार करायला वर्षानुवर्षे जातात. आमच्या शेजारच्या बदनापूर कृषी संशोधन केंद्राने बीडीएन-७११ सारखी वाणे दिली आहेत, 'बीडीएन' ही अक्षरे बदनापूरचीच, आणि त्यामागे किती हंगाम गेले असतील ते शेतकऱ्याला सांगायला नको. आठ आठवड्यांत होण्यासारखे एवढेच: पाचसहा नमुन्यांचा डीएनए काढायचा, एका जनुकाचा तुकडा पीसीआरने वाढवायचा, तो वाचून आलेला क्रम ताडायचा, आणि यातली एखादी पायरी बिघडली तर पुन्हा करायची. एवढेच लिहिले की वाचणाऱ्याला कळते, हिला आठ आठवडे म्हणजे किती ते ठाऊक आहे.

घरच्या परिस्थितीचे काय करायचे, हा प्रश्न तिच्या अब्बांनीच काढला. कोणीतरी त्यांना सांगितले होते की गरिबीचे लिहा, अल्पसंख्य असल्याचे लिहा, घरातली पहिली शिकणारी पोर आहे असे लिहा. आमचे मत स्पष्ट आहे. जिथे एखाद्या गोष्टीचा उलगडा होतो तिथे एक वाक्य लिहावे, एरवी नाही. तिला बीएस्सीच्या चौथ्या सत्रात गुण कमी पडले होते, आधीच्या आणि नंतरच्या सत्रांपेक्षा बरेच. त्या सत्रात अम्मीची शस्त्रक्रिया झाली होती आणि महिनाभर घर हीच सांभाळत होती. गुणपत्रिकेत तो खड्डा दिसणारच. म्हणून पानाच्या शेवटी एकच वाक्य: चौथ्या सत्रात आईच्या आजारपणामुळे महिनाभर वर्गाला जाता आले नाही. दयेचा शब्द नाही, माफी नाही. कारण सांगितले की वाचणारा पुढे जातो. परिच्छेदभर लिहिले की मोजणी, खोडे, बुरशी हे सगळे मागे पडून तेवढेच त्याच्या लक्षात राहते.

शिफारसपत्राबद्दल तिला एक काम सांगितले. पान तयार झाले की त्याची प्रत प्रकल्पाच्या मॅडमना द्यायची, आणि तीही शेवटच्या दिवशी नाही, दोन आठवडे आधी. मॅडमना वर्षाला पन्नास मुले. त्यांना हीच मुलगी पॉलिथिनऐवजी कागदी पिशवी घेऊन आली होती हे आठवेलच असे नाही. प्रत हाती असली की त्या स्वतः पाहिलेले लिहितात. पानात बुरशीचे काम आणि पत्रात 'आज्ञाधारक आणि नियमित विद्यार्थिनी' असे आले तर वाचणाऱ्याला ती दोन वेगळी माणसे वाटतात.

आठवड्याने ती नवा मसुदा घेऊन आली, मराठीत लिहिलेला. आम्हीच तसे सांगितले होते. अर्ज इंग्रजीत जातो हे खरे, पण जे वाक्य आपल्या भाषेत सरळ होत नाही ते इंग्रजीत गेले की फुगते. पहिला परिच्छेद असा होता:

"माझ्या वडिलांची दोन वावरे आहेत. एकात तीन वर्षे सलग तूर होती, दुसऱ्यात ज्वारी आणि तूर एकाआड एक ओळींत. ज्वारीत तूर मरत नाही, असे वडील सांगतात. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी दोन्ही वावरांत प्रत्येकी दोनशे झाडे तपासली. वाळलेले प्रत्येक झाड चिरून, आत तपकिरी रेषा असलेलीच मोजली. पहिल्या वावरात ५४ झाडांना मर रोग होता, दुसऱ्यात १९. म्हणजे ज्वारीमुळे मर रोग कमी होतो."

पुढे बुरशी काढण्याचे, दोनदा बिघडल्याचे आणि का बिघडले त्याचे, मग जात ओळखता न आल्याचे, मग हरभऱ्यावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेचे आणि आठ आठवड्यांचे. शेवटी हाताला येणाऱ्या कामांची एक ओळ आणि चौथ्या सत्राचे वाक्य. मोजून पान भरले होते. आम्हाला ते आवडले. म्हणून आम्ही तिला म्हटले, आता घरी जाऊन अब्बांना वाचून दाखव, वावर त्यांचे आहे.

दुसऱ्या दिवशी रात्री फोन आला. आवाज पडलेला. अब्बा सगळे ऐकून म्हणाले होते, "समदं बरोबर, पण पलीकडचं रान मुरमाड आहे ना? घराजवळचं काळं, चिकन. त्यात पाणी राहतंय. ते लिहिलंच नाहीस."

तिच्या ते ध्यानातच आले नव्हते. दोन वावरांत फरक ज्वारीचा होता, तसा मातीचाही. शिवाय एकात तीन वर्षे तूर सलग होती आणि ही बुरशी पिकाच्या राहिलेल्या धसकटांत, मुळांत काही वर्षे टिकून राहते. म्हणजे वाढ त्यामुळेही झालेली असू शकते. ५४ आणि १९ मधला फरक नेमका कशाचा, हे तिच्या मोजणीवरून सांगताच येत नव्हते. "म्हणजे माझी सगळी मोजणी वाया गेली का?" तिने विचारले.

वाया कशी जाईल? मोजलेले आकडे होते तसेच होते. चुकले होते ते परिच्छेदाचे शेवटचे वाक्य. ज्वारीसोबत घेतलेल्या तुरीत मर कमी दिसते हे अब्बांप्रमाणेच शास्त्रज्ञांनीही पाहिलेले आहे, तेव्हा म्हणणे खोटे असेल असे नाही. पण तिच्या दोन वावरांवरून ते सिद्ध होत नव्हते, आणि निवड करणाऱ्यांपैकी जो कोणी शेतीतला असेल त्याने पहिला प्रश्न मातीचाच विचारला असता. तो प्रश्न विचारण्याआधीच पानात असेल, तर त्याला समोर एक जुळणारे डोके दिसते.

फोनवर बोलता बोलताच तिने ते वाक्य खोडले आणि त्या जागी लिहिले:

"या फरकाचे श्रेय मी ज्वारीला देऊ शकत नाही, कारण पहिल्या वावराची माती काळी आणि पाणी धरणारी आहे, दुसऱ्याची मुरमाड, पहिल्यात तूर तीन वर्षे सलगही होती. हे माझ्या वडिलांनी दाखवून दिले. कारणे वेगळी करायची तर एकाच वावराचे पट्टे पाडून, काहींत ज्वारीसह आणि काहींत नुसती तूर घ्यावी लागेल. पण त्याआधी दोन्हीकडची बुरशी एकच आहे की नाही, हेच मला माहीत नाही."

शेवटच्या वाक्याकडे आमचे लक्ष गेले. हा प्रश्न आधीच्या मसुद्यात नव्हताच. आधी तिला बुरशीची जात ओळखायची होती, कारण प्रकल्प अर्धवट राहिला होता. आता जात ओळखायला सबळ कारण मिळाले होते: काळ्या रानातली आणि मुरमाड रानातली बुरशी एकच निघाली तर फरक मातीत, पिकात शोधायचा, वेगळी निघाली तर सगळाच विचार बदलायचा. मिळालेल्या सात बुरश्यांपैकी पाच घराजवळच्या वावरातल्या आणि दोन पलीकडच्या, असे वहीत पाहून तिने सांगितले. सातही कॉलेजच्या फ्रिजमध्ये, नळीत ठेवलेल्या आहेत.

वाक्ये वाढली तशी जागा कमी पडली. तिने बारा तुकड्यांच्या वर्णनातून द्रावणाचे टक्के आणि मिनिटे काढून टाकली. ती पद्धत वाचणाऱ्याला पाठ असते. पॉलिथिनची पिशवी ठेवली. मग इंग्रजी केले, छोट्या वाक्यांत. दुसऱ्या एका अर्जात दोनशे शब्दांचीच मर्यादा होती. तिथे तिने दोन वावरांची मोजणी, मातीचा पेच, 'बुरशी एकच आहे का' हा प्रश्न आणि शिकायची पद्धत एवढेच ठेवले; कॉलेजातले प्रयोग एका वाक्यात आणले.

मॅडमना प्रत त्याच आठवड्यात गेली. त्यांनी वाचून एक दुरुस्ती केली: विळ्याच्या आकाराचे बीजाणू तिने पाहिले ते सातही बशांत नव्हे, पाचांत, उरलेल्या दोन बशांत फक्त लहान लांबट बीजाणू होते. वही काढून पाहिली, मॅडमचे बरोबर होते. पानात तोही आकडा बदलला.

निकाल यायला अजून वेळ आहे. अर्ज भरून झाल्यावर तिच्या अब्बांनी यंदाच्या तुरीचे विचारायला फोन केला होता. घराजवळच्या काळ्या रानात या खेपेला त्यांनी सहा पट्टे पाडले आहेत, तीन नुसत्या तुरीचे, तीन ज्वारीसह. पेरणी जूनमध्येच झाली होती, म्हणजे कागदाचा प्रश्न निघण्याच्या कितीतरी आधी. "ज्वारीत मरत नाही असं मी म्हणायचो, मग म्हटलं एकदा आपणच बघू," ते म्हणाले. पोरीला त्यांनी सांगितले नव्हते. ती डिसेंबरच्या सुट्टीत मोजायला जाणार आहे.